०.००१३५९ चा हिशेब

भाची बारावीला आहे. रविवारी ती वही आणि लॅपटॉप घेऊन आली, दोन्ही माझ्यापुढे उघडून ठेवले आणि म्हणाली, "मामा, यातलं कोण चुकलंय ते सांग." वहीत उत्तर होतं १. स्क्रीनवर होतं ०.९९८६४१२२८८. गणित मात्र एकच होतं.

तिचं गणित असं: x ला eˣ ने गुणायचं आणि त्या गुणाकाराचं ० पासून १ पर्यंत इंटिग्रेशन करायचं. पाठ्यपुस्तकाच्या मराठीत याला निश्चित संकलन म्हणतात. बारावी सोडून बरीच वर्षं झालेल्यांसाठी सांगतो, की यात घाबरण्यासारखं काही नाही. आलेखाच्या कागदावर y = x·eˣ ही रेषा काढली तर ती शून्यातून निघते, उजवीकडे चढत जाते आणि x एक झाला की २.७१८ इतक्या उंचीला पोचते. (२.७१८ म्हणजेच e. पुढे हा आकडा पुन्हा भेटेल.) ही रेषा आणि खालचा आडवा अक्ष यांच्यामध्ये किती क्षेत्रफळ अडकलं, एवढंच विचारलेलं आहे.

हाताने हे बाय पार्ट्सने सुटतं आणि (x − 1)eˣ मिळतं. याचं विकलन केलं की x·eˣ परत येतं, म्हणजे इथवर बरोबर. आता वरची लिमिट १ ठेवली की कंस शून्य होतो. खालची लिमिट ० ठेवली की −१ येतं. वरच्यातून खालचं वजा करायचं, म्हणून ० − (−१) = १. तिच्या वहीत याच्या वर एक खोडलेलं उत्तर होतं: शून्य. खालची लिमिट शून्य आहे, म्हणजे तिथे शून्यच येणार, असं धरून तिने ती ओळ गाळली होती. वर्गात ही चूक मी कितीदा पाहिली आहे. पण ती पकडायला संगणक लागत नाही. सगळी रेषा अक्षाच्या वर असताना तिच्याखालचं क्षेत्रफळ शून्य कसं असेल?

उत्तर १ आलं तेव्हा तिने एक शहाणपणाची गोष्ट केली. पायथनमध्ये छोटा लूप लिहून ते तपासलं.

```python
import math

n = 1000
h = 1 / n
s = 0
for i in range(n):
    x = i * h
    s = s + x * math.exp(x) * h
print(s)
```

हा लूप बाय पार्ट्स वगैरे काही जाणत नाही. ० ते १ या अंतराचे तो हजार सारखे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यावर एक उभी पट्टी बसवतो. पट्टीची रुंदी h, म्हणजे एक हजारांश, आणि उंची रेषेची त्या तुकड्याच्या डाव्या टोकाला असेल ती. हजार पट्ट्यांची क्षेत्रफळं एकापाठोपाठ s मध्ये मिळवत जायची. किराणा दुकानदार वहीत रकमा मिळवतो तितकं हे सरळ काम आहे. त्यातून आलं ०.९९८६४१२२८८, आणि १ पेक्षा ते ०.००१३५८७७१२ ने कमी पडलं.

"इतकासा फरक चालतो ना?" तिने विचारलं. वर्गातही हाच प्रश्न येतो आणि त्याला घाईने "हो" म्हणणं मला पटत नाही. फरक लहान आहे की मोठा, यावरून काहीच ठरत नाही. तो किती यायला हवा होता, हे आधी सांगता आलं पाहिजे. इथे ते कागदावर सांगता येतं.

एकच पट्टी डोळ्यांपुढे आणा. रेषा चढती आहे आणि पट्टीची उंची डाव्या टोकाची घेतली आहे. म्हणजे पट्टीच्या माथ्यावर, रेषेखाली, एक चिंचोळा त्रिकोण मोजायचा राहून गेला. त्याचा पाया h आणि उंची त्या तुकड्यात रेषा जितकी चढली तितकी. असे हजार त्रिकोण राहिले. सगळ्यांचा पाया सारखाच असल्याने ते एकावर एक रचल्यासारखे धरता येतात. मग त्यांच्या उंचींची बेरीज म्हणजे रेषेची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची एकूण चढण, म्हणजेच ० पासून e पर्यंत, २.७१८२८. त्रिकोणाचं क्षेत्रफळ अर्धा गुणिले पाया गुणिले उंची. म्हणून एकूण राहून गेलेलं क्षेत्रफळ ०.००१ × २.७१८२८ ÷ २, म्हणजे ०.००१३५९१४०९.

प्रत्यक्षात कमी पडलेली रक्कम ०.००१३५८७७१२ होती. पहिले तीन अर्थपूर्ण अंक, १३५, तसेच्या तसे जुळतात. पुढे सुमारे ०.०००००००३७ × १० इतका, म्हणजे ०.०००००३७ चा दहावा भाग, ०.०००००३७ नव्हे तर ०.०००००००३७ च्या दहापट, असं अंक मोजत बसण्यापेक्षा सरळ वजाबाकी करू: ०.००१३५९१४०९ वजा ०.००१३५८७७१२ बरोबर ०.००००००३६९७. आपला अंदाज एवढाच जास्त निघाला, आणि त्यालाही कारण आहे. आपण त्रिकोणाची तिरकी बाजू सरळ धरली. ही रेषा मात्र वर वळत जाणारी आहे, त्यामुळे दोन टोकं जोडणाऱ्या सरळ रेषेच्या ती किंचित खाली झोळ घेते. खरी राहून गेलेली फट त्रिकोणापेक्षा थोडी लहानच असणार. अंदाज जास्त निघाला तो म्हणूनच, आणि या रेषेसाठी तो जास्तच निघायला हवा.

हे समजलं की फरकाची तक्रार करायचं कारण उरत नाही, तो वापरता येतो. लूपच्या उत्तरात ०.००१३५९१४०९ मिळवा: १.००००००३६९७ येतं. अशी दुरुस्ती केलेल्या बेरजेला समलंब नियम म्हणतात, कारण आता प्रत्येक पट्टीचा माथा तिरका झाला. ही युक्ती फार जुनी आहे. चौदाव्या शतकातल्या केरळच्या माधवाच्या नावावर π ची जी श्रेणी सांगितली जाते, ४ − ४/३ + ४/५ − ४/७ अशी, ती अतिशय संथ आहे. ५० पदं मिळवूनही ३.१२१५९ एवढंच हाती येतं. पण त्या परंपरेने श्रेणीबरोबर शेवटी मिळवायची दुरुस्तीही दिली. तिचं सर्वांत साधं रूप घेतलं तर ५० पदांनंतर ०.०२ मिळवायचे. मिळवले की ३.१४१५९. राहिलेल्या भागाचं माप घेऊन तो हिशेबात परत आणणं, हेच आपण आत्ता त्रिकोणांनी केलं. मला या गोष्टीचा मनापासून आनंद वाटतो.

भाचीला मी n बदलायला सांगितलं. १०, १००, १०००, १००००. डावीकडे n, मध्ये लूपचं उत्तर, उजवीकडे १ पासूनचा फरक:

```
10      0.8677819518   0.1322180482
100     0.9864455621   0.0135544379
1000    0.9986412288   0.0013587712
10000   0.9998640896   0.0001359104
```

उजवा स्तंभ वरून खाली वाचा. पट्ट्या दसपट झाल्या की फरक जवळजवळ दहावा हिस्सा होतो. त्रिकोणांच्या हिशेबात h एकदाच गुणला होता, तेव्हा असंच व्हायला हवं. हातच्या उत्तराच्या बाजूने याहून चांगली साक्ष मिळणार नाही. फरक शून्याकडे चालला आहे आणि ठरलेल्या चालीने चालला आहे.

आता लूपमधली एकच ओळ बदलू. उंची डाव्या टोकाची न घेता तुकड्याच्या मधोमधची घ्यायची:

```python
    x = (i + 0.5) * h
```

मध्यावरची उंची घेतली की पट्टीचा माथा डाव्या अर्ध्यात रेषेच्या वर येतो आणि उजव्या अर्ध्यात खाली राहतो. जास्तीचं आणि कमीचं एकमेकांना जवळजवळ फेडतं. n १००० ला आता ०.९९९९९९८१५१ मिळतं. मेहनत तेवढीच, पण फरक सात हजार पटींनी लहान. शिवाय n दसपट केला की हा फरक शंभरावा होतो.

इथपर्यंत हातचं उत्तर बरोबरच होतं. ते चुकीचं असलं तर काय दिसेल? त्यासाठी मी तिला दुसरं गणित दिलं: ४ ÷ (१ + x²) याचं ० ते १ इंटिग्रेशन. हाताने याचं उत्तर नेमकं π येतं. समजा कुणी शाळेच्या सवयीने π च्या जागी २२/७ लिहिलं आणि ३.१४२८५७ हे आपलं उत्तर धरलं. मधल्या उंचीचा लूप n १० वर चालवला तर ३.१४२४२६ येतं. फरक ०.०००४३. "लहानच आहे," असं म्हणून वही मिटण्याचा मोह इथे होतो. पण n १०० केला की लूप ३.१४१६०१ देतो आणि फरक ०.००१२५६ होतो. म्हणजे तो वाढला! n १००० ला ३.१४१५९३, फरक ०.००१२६४. त्यापुढे n कितीही वाढवा, फरक तिथेच ठाण मांडून बसतो.

भाची थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे दहावर जुळल्यासारखं वाटलं ते योगायोगाने?" हो, अगदी तसंच. n १० ला लूपची स्वतःची त्रुटी ०.०००८३ होती आणि ती नेमकी २२/७ च्या दिशेने होती. दोन चुका एका बाजूला झुकल्या म्हणून उत्तरं जवळ दिसली. लूपची त्रुटी विरत गेली तशी हातची चूक उघडी पडली. २२/७ आणि π यांच्यातलं खरं अंतर ०.००१२६४४९ आहे, आणि फरक तिथेच येऊन थांबला. म्हणून एका n वरचा फरक, तो कितीही लहान असो, हाताच्या उत्तराबद्दल काही सांगत नाही. विरणारा फरक लूपचा असतो. न हलणारा फरक बहुतेक वेळा वहीतला असतो.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण लूप लिहिणाराही चुकतो. तिच्या मैत्रिणीने तोच पहिला लूप वेगळ्या तऱ्हेने लिहिला होता:

```python
x = 0
h = 0.1
s = 0
while x < 1:
    s = s + x * math.exp(x) * h
    x = x + h
```

यात दहा पट्ट्या व्हाव्यात आणि उत्तर ०.८६७८ यावं. येतं १.१३९६. फरकाचा आकार साधारण तोच, ०.१४ च्या आसपास, त्यामुळे पटकन लक्षातही येत नाही. पण चिन्ह पाहा. रेषा चढती आहे आणि उंची डावीकडची घेतली आहे, तर बेरीज १ च्या खालीच राहायला हवी. ती वर गेली, म्हणजे कुठेतरी एक पट्टी जास्तीची घुसली आहे.

ती घुसली अशी. संगणक संख्या दोनाच्या पायावर, बायनरीत साठवतो. दहा अंशांच्या भाषेत एक तृतीयांश जसा ०.३३३ वर संपत नाही, तसा बायनरीत एक दशांश कुठेच संपत नाही. पायथन त्याचे ५३ बिट ठेवतो आणि शेवटचा बिट सर्वांत जवळच्या किमतीला नेतो. तो ०.१ मग एक दशांशाच्या अत्यंत जवळचा, पण एक दशांश नव्हे. असा ०.१ दहा वेळा मिळवला की स्क्रीनवर १ येत नाही, 0.9999999999999999 येतं. हे १ पेक्षा कमी आहे, म्हणून while एक फेरी जास्त मारतो आणि जवळजवळ e उंचीची अकरावी पट्टी मिळवून टाकतो. ०.८६७८ मध्ये ०.२७१८ मिळवा, १.१३९६ होतात. म्हणून फेऱ्या नेहमी पूर्णांकाने मोजाव्यात, `range(n)` ने, आणि x दरवेळी i वरून नव्याने काढावा. मिळवत मिळवत पुढे नेऊ नये.

याच कारणाने n अमर्याद वाढवण्यातही अर्थ नसतो. पायथनची साधी दशांश संख्या साधारण १५ ते १६ अर्थपूर्ण अंक सांभाळते. प्रत्येक बेरजेत शेवटच्या अंकाशी थोडीशी काटछाट होते. मधल्या उंचीच्या लूपमध्ये n दहा लाख केला की पद्धतीची त्रुटी तेराव्या दशांश स्थळापर्यंत खाली जाते, आणि दहा लाख बेरजांची काटछाटही साधारण तिथेच पोचलेली असते. त्यापुढे पट्ट्या वाढवल्या तर वेळ जातो, अंक सुधारत नाहीत. शेवटचे एक-दोन अंक उगीच इकडेतिकडे हलताना दिसले की समजावं, आता इंटिग्रेशनची नव्हे, बेरजेची मर्यादा आली.

आणखी एक ठिकाण सांगायलाच हवं, कारण तिथे प्रामाणिक विद्यार्थी स्वतःवर उगाच शंका घेतो. √x चं ० ते १ इंटिग्रेशन हाताने दोन ओळींत होतं, उत्तर २/३. मधल्या उंचीच्या लूपने n १०० ला फरक ०.००००५८८ येतो आणि n १००० ला ०.००००००१९ च्या दहापट, म्हणजे ०.०००००१९. शंभरावा हिस्सा व्हायला हवा होता, झाला साधारण एकतिसावा. हात चुकला नाही, लूपही चुकला नाही. √x ची रेषा शून्यापाशी सरळ उभी उठते. त्या पहिल्या काही पट्ट्यांत रेषा इतकी वाकलेली असते, की मध्यावरची उंची दोन्ही बाजूंना सारखा न्याय देऊ शकत नाही. शंभरावा हिस्सा होण्याचा नियम रेषा दोन्ही टोकांपर्यंत गुळगुळीत असेल तरच लागू पडतो. फरक इथेही शून्याकडेच जातो आहे, फक्त संथपणे.

संध्याकाळी भाचीने वहीत १ या उत्तराशेजारी लूपचं एक उत्तर लिहायला घेतलं, तेव्हा मी तिला थांबवलं. तुम्हालाही तेच सांगतो. हातच्या उत्तराची तपासणी लिहाल तेव्हा एक आकडा लिहू नका. n १००, n १००० आणि n १०००० या तिन्हींचे फरक चिन्हासकट एकाखाली एक लिहा.